बावीस सेकंदांत चढणारा ताप

मे महिन्यातल्या एका दुपारी साताऱ्याचा एक तरुण गाडीच्या मागच्या सीटवर डेस्कटॉप घालून माझ्याकडे दुरुस्तीला आला. कॅबिनेट पडू नये म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा त्याचा व्यवसाय, आणि लग्नसराई ऐन भरात. तीन आठवड्यांपासून मशीन सारखं बंद पडत होतं. एडिटिंग कसंबसं व्हायचं, पण एक्स्पोर्टचं बटण दाबलं की काही सेकंदांत पडदा काळा. निळी स्क्रीन नाही, कसला संदेशही नाही. चालता दिवा कुणी बटण दाबून मालवावा, तसं.

माझ्याकडे येईपर्यंत त्याचे बरेच पैसे खर्च झाले होते. आधी विंडोज दोनदा फॉरमॅट मारून झालं. मग रॅम बदलली. मग कुणीतरी सांगितलं की एसएमपीएस गेला आहे, म्हणून नवा, महागडा एसएमपीएस बसवला. मशीन तरीही बंद पडतच होतं. तो म्हणाला, ‘‘दादा, आता मदरबोर्ड बदला म्हणतायत. तो बदलूनही नाही झालं तर?’’

त्याला तसं सांगणाऱ्यांना मी दोष देणार नाही. काही न सांगता मशीन बंद पडलं की संशय विजेवर जाणं साहजिक आहे. शिवाय अशा वेळी विंडोजच्या नोंदींमध्ये Kernel-Power 41 ही ओळ सापडते. तिच्यातला ‘पॉवर’ हा शब्द पाहून बरेच जण एसएमपीएसकडे वळतात. पण त्या ओळीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तो कशामुळे बंद झाला, हे ती ओळ सांगत नाही. भिंतीवरचा प्लग उपटला तरी पुढच्या वेळी तीच नोंद दिसते.

म्हणून अशा मशीनचं मी आधी काहीही उघडत नाही. ते बंद पडू देतो, लगेच पुन्हा चालू करतो आणि विंडोज सुरू होऊ न देता Delete दाबून थेट बायोसमध्ये जातो. बायोसच्या पहिल्याच पानावर प्रोसेसरचं तापमान लिहिलेलं असतं. बिघाड एसएमपीएसचा असेल, तर तिथं पस्तीस-चाळीस, फार तर पन्नासचा आकडा दिसतो. या मशीननं ९१ अंश दाखवले. तिथं कसलंच काम चालू नव्हतं, नुसता मेनू उघडा होता. माझ्या डोळ्यांदेखत आकडा ९३ झाला, ९४ झाला. मी मशीन बंद केलं आणि अर्धा तास तसंच राहू दिलं.

त्या अर्ध्या तासात मी त्याच्या कूलरकडे नीट पाहिलं. प्रोसेसरवर लिक्विड कूलर होता. दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा, चार वर्षांचा. ज्यांनी तो आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची एक चकती घट्ट दाबून बसवलेली असते. तिच्या आतल्या अंगाला केसासारख्या बारीक तांब्याच्या पात्यांची रांग असते आणि त्या पात्यांमधून पाणी वाहतं. साधं पाणी नव्हे, त्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात. या चकतीच्या वरच, त्याच गोल डबीत, एक छोटा पंप असतो. गरम पाणी एका नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथं पंखे त्यातली उष्णता हवेत सोडतात आणि थंड झालेलं पाणी दुसऱ्या नळीतून परत येतं. पंप आणि चकती एकाच डबीत बसवण्याची ही मांडणी डेन्मार्कच्या असेटेक या कंपनीनं रूढ केली. वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे कितीतरी कूलर आतून त्यांचेच असत.

रेडिएटरवरचे पंखे सगळ्यांना दिसतात, रंगीत दिवे लावून फिरतात. पंप मात्र दिसत नाही. त्याच्या डोक्यावरचा दिवाही फसवा असतो. दिव्याला वीज मिळाली की तो लागतो, आतली चकरी फिरते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. या तरुणाचा कूलर छान निळा उजळलेला होता आणि दोन्ही पंखे जोरात फिरत होते. बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित वाटावं असंच ते दृश्य होतं.

अर्ध्या तासानं मशीन पुन्हा चालू केलं. HWiNFO हा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडला, तापमानाची नोंद दर सेकंदाला होईल असं ठरवलं आणि त्याला म्हटलं, आता एक्स्पोर्ट चालू करा. प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीचा कोअर आय-सेव्हन होता. नुसतं विंडोज उघडं असतानाच तो ६१ अंशांवर होता. बटण दाबल्यावर पहिल्याच सेकंदात ८९, पाचव्या सेकंदाला १००. तिथं तो काही वेळ अडकून राहिला, वेग धाडकन खाली आला, आणि बाविसाव्या सेकंदाला पडदा काळा झाला.

तापमान किती झालं, यापेक्षा ते किती वेळात झालं हे मला महत्त्वाचं वाटतं. शंभर अंश तर कितीतरी कारणांनी होतात. जाळीत धूळ भरली, पंखा बंद पडला, पेस्ट वाळली, कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलं, तरी होतात. पण प्रत्येक बिघाडात ताप चढण्याची चाल निराळी असते, आणि ती चाल पाहिली की निदान जवळजवळ हाती येतं. ही चाल साध्या गुणाकार-भागाकारानं समजते.

समजा, एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर १५० वॅट उष्णता टाकतो, म्हणजे दर सेकंदाला १५० ज्यूल. पंप चालू असेल तर ही उष्णता कूलरमधल्या सगळ्या पाण्यात आणि रेडिएटरच्या सगळ्या ॲल्युमिनियममध्ये वाटली जाते. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्याला सव्वाचारशेच्या आसपास, आणि त्यात रेडिएटरचा व तांब्याचा वाटा मिळवला की साधारण आठशे ज्यूल. आठशे भागिले दीडशे, म्हणजे पाणी एक अंशानं तापायला पाचेक सेकंद लागतात. ते तापू लागलं की पंखे जास्त उष्णता बाहेर टाकतात आणि काही मिनिटांनी सगळं एका जागी स्थिरावतं. निरोगी लिक्विड कूलरमध्ये म्हणूनच सुरुवातीची एक छोटी उडी दिसते आणि तिच्यानंतर मिनिटामिनिटानं सरकणारा संथ चढ.

आता पंप थांबलेला आहे असं धरा. तेच दीडशे ज्यूल आता फक्त चकतीतल्या शंभरेक ग्रॅम तांब्याला आणि तिथं साचून राहिलेल्या दहा मिलिलिटर पाण्याला झेलायचे आहेत. दोघांची मिळून ऐपत एका अंशाला ऐंशी ज्यूलच्या घरात. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दोन अंश. याच्या आधी आणखी एक गोष्ट घडते. सिलिकॉनपासून चकतीपर्यंतच्या थरांमधून उष्णता पुढे सरकण्यासाठी आतलं टोक बाहेरच्यापेक्षा गरम असावंच लागतं, आणि दीडशे वॅटला हा फरक पंचवीस-तीस अंशांचा असतो. तो पहिल्या क्षणातच पडतो. एकसष्टवरून एकदम एकोणनव्वदची उडी ती हीच. तिच्यावर सेकंदाला दोन अंश चढवा. पाचव्या सेकंदाला शंभर होतात की नाही, पाहा.

रेडिएटरचा पंखा बंद पडला, तर असं होत नाही. पाणी फिरतच असतं, त्यामुळे सगळं पाणी तापायला पाच-दहा मिनिटं जातात आणि मशीन तेवढा वेळ काम करून मग गुदमरतं. पेस्ट खराब असेल किंवा चकती तिरकी बसली असेल, तर पहिली उडीच फार मोठी असते, पण पुढे तापमान एका जागी टिकून राहतं आणि काम थांबवताच सेकंदभरात खाली कोसळतं. मेलेल्या पंपाचं तसं नाही. काम थांबवलं तरी आकडा रेंगाळत राहतो, कारण साचलेल्या उष्णतेला बाहेर जायला वाटच नसते. अर्ध्या तासापूर्वी बायोसमध्ये दिसलेले ९१ त्यातलेच.

शंभरवर काही सेकंद अडकून मग मशीन बंद का झालं, हेही सांगायला हवं, कारण पुष्कळांना हाच बिघाड वाटतो. तो बिघाड नाही, संरक्षण आहे. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. ती आली की प्रोसेसर स्वतःचा वेग आणि विजेची भूक कमी करून तापमान रोखून धरायचा प्रयत्न करतो. पण चकतीच इतकी तापलेली असेल की वेग कमी करूनही भागत नाही, तर शेवटी मदरबोर्डला वीज तोडण्याचा इशारा जातो. काही मदरबोर्ड त्याच्याही आधी, स्वतःच्या ठरलेल्या आकड्यावर वीज तोडतात. हे सगळं हार्डवेअरच्या पातळीवर घडतं, म्हणून विंडोजला एखादा संदेश लिहायलाही वेळ मिळत नाही. या व्यवस्थेमुळेच पंप मेला म्हणून प्रोसेसर जळाला, असं सहसा होत नाही. तीन आठवडे दिवसातून दहा-दहा वेळा बंद पडूनही त्याचा प्रोसेसर धडधाकट होता. हे ऐकून तो खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकून बसला.

निदानाची खात्री मात्र आकड्यांवरून होत नाही, ती हातानं करावी लागते. मशीन चालू करून पाच मिनिटं नुसतं राहू दिलं आणि त्याला म्हटलं, या दोन्ही नळ्या धरून बघा. पंपाच्या डबीपाशी दोन्ही नळ्या कोमट होत्या. चार बोटं पुढे गेल्यावर दोन्ही गार, आणि रेडिएटर तर खोलीतल्या कपाटाइतकाच थंड. प्रोसेसर साठच्या वर असताना रेडिएटर गार असणं, हीच खूण. उष्णता तिथवर पोहोचतच नव्हती.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. एक नळी गरम आणि दुसरी थंड असेल तर कूलर उत्तम चालला आहे, एकीतून गरम पाणी जातं आणि दुसरीतून थंड येतं, असं लोक समजतात. प्रत्यक्षात मिनिटाला लिटरभर पाणी फिरत असेल, तर दीडशे वॅटचा भार असतानाही जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात दोनेक अंशांचाच फरक पडतो. तेवढा हाताला कळतसुद्धा नाही. दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागल्या तर पाणी नीट वाहतंय. एक चटका देणारी आणि दुसरी गारठलेली असेल, तर प्रवाह जवळजवळ थांबला आहे.

मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक हलकेच डबीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. चालत्या पंपाची एक बारीक, अखंड गुणगुण मुठीतून ऐकू येते. इथं काहीच नव्हतं. मध्येच एक टक् असा आवाज, पुन्हा शांतता, पुन्हा टक्. चकरी फिरायचा प्रयत्न करत होती आणि अडकत होती.

तरीही लगेच पंपावर शिक्का मारायचा नसतो. पंपाला वीज पुरेशी मिळते का, हे आधी बघावं लागतं, कारण नुसती जोडणी चुकल्यामुळे धडधाकट पंप मेल्यासारखे वागलेले मी पाहिले आहेत. पंपाची वायर मदरबोर्डवर AIO_PUMP किंवा CPU_FAN या जागी असावी लागते. याच्या मशीनमध्ये ती कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी, CHA_FAN वर होती. त्या जागेला ‘मशीन थंड असेल तेव्हा हळू फिर’ अशी सूचना असते. पंख्याला ती चालते, पंपाला चालत नाही. कमी विजेवर पंप सुरूच न होण्याची शक्यता असते. शिवाय CPU_FAN वर पंप असता, तर तो थांबल्या दिवशीच मशीननं सुरू होताना ‘CPU Fan Error’ म्हणून ओरड केली असती. याच्याकडे त्या जागी रेडिएटरचा पंखा जोडलेला होता. पंखा फिरत होता, म्हणून मदरबोर्ड निर्धास्त.

वायर योग्य जागी लावली आणि बायोसमध्ये पंपाला पूर्ण वेग दिला. अशा पंपाचा आकडा सहसा मिनिटाला दोन ते तीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान दिसतो. इथं ० होता. मध्येच ३०० यायचा, पुन्हा ०. कॅबिनेट थोडं तिरकं करून डबीवर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केलं, तेव्हा पंप चाळीसेक सेकंद चालला. नळ्या थरथरल्या, तापमान एकदम ४५ वर आलं, रेडिएटर कोमट झाला. मग पुन्हा सगळं थांबलं. त्या तरुणाला वाटलं की झालं, सुटलो. पण टिचक्या मारून चालू होणारा पंप मी कधीच चालू धरत नाही. त्याची धाव दोन दिवसांची असते, आणि तो नेमका कामाच्या ऐन वेळी दगा देतो.

आकड्याबद्दल एक उलटी सावधगिरीही आहे. पंपाच्या फेऱ्या बरोबर दिसत असल्या म्हणून पाणी वाहतंय असं नव्हे. चकतीतल्या बारीक पात्यांमध्ये गाळ अडकला तर चकरी जोरात फिरते आणि पाणी जागचं हलत नाही. एमएसआय कंपनीनं २०२१ साली आपल्या मॅग कोअरलिक्विड मालिकेतले काही कूलर अशाच गाळाच्या तक्रारींमुळे बदलून दिले होते. तापाची चाल तेव्हाही तशीच असते, फक्त चढ जरा सावकाश. म्हणून फेऱ्यांचा आकडा आणि नळ्यांचा स्पर्श, दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

पंप मेला कसा, याचं उत्तर कॅबिनेटच्या तळाशी होतं. वर जागा नव्हती म्हणून बसवणाऱ्यानं रेडिएटर सगळ्यात खाली बसवला होता. कोणताही बंद लिक्विड कूलर काठोकाठ भरलेला नसतो, आत थोडी हवा असतेच. शिवाय नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं थोडी-थोडी वाफ बाहेर झिरपते आणि हवेचा बुडबुडा मोठा होत जातो. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असेल तर ती तिथं निरुपद्रवी पडून राहते. रेडिएटर तळाशी असेल, तर सगळ्यात उंच जागा पंपाचीच. पंपाच्या चकरीला वंगण म्हणजे तेच पाणी. हवेत फिरणारी चकरी कोरडी घासत राहते.

‘‘चालू करताना डबीतून खळखळ असा आवाज यायचा का?’’ मी विचारलं.

‘‘वर्षभर येतोय,’’ तो म्हणाला. ‘‘पाण्याचा कूलर आहे, तर पाण्याचा आवाज येणारच असं वाटलं.’’

नवा कूलर पहिल्या दिवशी थोडा खळखळतो आणि मग गप्प होतो. महिनोन्महिने टिकणारी खळखळ म्हणजे पंपात हवा शिरली आहे. त्या वेळी रेडिएटर वर हलवला असता, तर पंप कदाचित अजून काही वर्षं टिकला असता.

पुढे काय बसवायचं, यावर आम्ही थोडा वेळ बोललो. त्याच्या कूलरची वॉरंटी संपलेली होती. असे कूलर सहसा तीन ते सहा वर्षांच्या वॉरंटीवर येतात, त्यामुळे बिल जपून ठेवलं असेल तर आधी तिकडे जावं. बंद कूलर उघडून त्यात पाणी भरून घेणं मी कुणाला सुचवत नाही. बहुतेकांना भरण्याची सोयच नसते, आणि घरी बसवलेलं सील मदरबोर्डवर गळलं तर नुकसान कितीतरी पटींनी वाढतं.

मी त्याला दोन टॉवरचा मोठा एअर कूलर घ्यायला सांगितलं. ज्याचं पोट मशीनवर आहे आणि ज्याला प्रोसेसर ताणून चालवायचा नाही, त्याला माझा सल्ला हाच असतो. त्यात पंप नसतो. फिरणारी वस्तू म्हणजे पंखा, जो डोळ्यांना दिसतो आणि सहज बदलता येतो. तो थांबला तरी धातूचा एवढा मोठा ढीग तापायला वेळ घेतो, म्हणजे एक्स्पोर्ट थांबवून फाइल सेव्ह करण्याइतकी उसंत मिळते. लिक्विड कूलर मोठ्या प्रोसेसरना जास्त थंड ठेवतो आणि रॅमवर सावली धरत नाही, हे खरं आहे. पण त्याचा पंप जातो तेव्हा बावीस सेकंदच मिळतात.

संध्याकाळी एअर कूलर बसवला. तळावरची पारदर्शक फिल्म आठवणीनं सोललेली दाखवली, कारण ती न काढता कूलर बसवलेली मशीनही माझ्याकडे येतात. खोलीत ३३ अंश होते. विंडोज उघडं असताना ४१, एक्स्पोर्ट सुरू होताच ६८, दहा मिनिटांनी ८१ आणि तिथंच स्थिर. सव्वा तासाचं लग्न पडद्यावर टक्क्याटक्क्यानं पुढे सरकत होतं आणि तो प्रत्येक टक्का मोजत होता.

तेवढ्या वेळात मी जुनी डबी परातीत धरून उघडली. तांब्याच्या पात्या स्वच्छ होत्या, गाळ नव्हता. पण पंपाच्या कप्प्यातून पाणी निघालं ते जेमतेम चमचाभर. चकरी बोटावर घेऊन फिरवली तर ती डुलत होती. तिचं मधलं छिद्र, ज्यात बारीक दांडा बसतो, एका बाजूनं घासून लांबट झालेलं होतं.